धुराच्या मागचा काळा चौकोन: ब्लेंड इफने काळं-पांढरं कसं गाळायचं

कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की सिंधुदुर्गात दशावताराच्या पोस्टरांचा सुकाळ होतो. कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला, कुठेही जा, नाक्यावर एक तरी फ्लेक्स दिसतोच: मध्ये मुकुट घातलेला राजा, बाजूला संकासुर, खाली ज्वाळा आणि मागे धूर. ज्वाळा आणि धूर इंटरनेटवरून उतरवलेले असतात, काळ्या पार्श्वभूमीवरचे. ते फोटोशॉपमध्ये वरच्या लेयरवर टाकायचे, ब्लेंडिंग मोड Screen करायचा, की काळं नाहीसं होतं. निदान तसं वाटतं. पोस्टर व्हॉट्सॅपवर जातं, कोणीतरी मोबाइलचा ब्राइटनेस पूर्ण वाढवून बघतो आणि विचारतो, "पाठी हो चौकोन कसलो दिसता रे?"

तो चौकोन म्हणजे धुराच्या फोटोची कड. ती राहते कारण त्या फोटोतलं काळं हे काळं नसतंच. ते घालवायला ब्लेंड इफ नावाच्या पट्ट्या आहेत. बहुतेकांनी त्या पाहिलेल्या असतात, कधीतरी एखादा त्रिकोण ओढून बघितलेला असतो आणि सगळं चित्र फाटल्यासारखं झाल्यावर Cancel दाबलेलं असतं.

आधी हे साधन काय करतं ते पाहू. लेयरच्या नावाच्या उजवीकडे रिकाम्या जागी डबल क्लिक केलं की Layer Style ची खिडकी उघडते. डावीकडे Blending Options निवडलेलं असतं आणि अगदी खाली Blend If हा भाग असतो. तिथे दोन पट्ट्या आहेत. वरची This Layer, म्हणजे तुम्ही ज्या लेयरवर आहात तो. खालची Underlying Layer, म्हणजे त्याच्या खाली जे काही दिसतंय ते. प्रत्येक पट्टी डावीकडे काळी, उजवीकडे पांढरी, आणि तिच्या टोकांना एकेक त्रिकोण. डावं टोक ०, उजवं २५५. This Layer चा काळा त्रिकोण उजवीकडे १८ वर आणला, तर या लेयरमधल्या १८ पेक्षा गडद पिक्सेलना फोटोशॉप दाखवायचं थांबवतो. पुसत नाही, फक्त दाखवत नाही. म्हणून लेयरच्या छोट्या चित्रात काळं तसंच राहतं आणि केव्हाही परत जाऊन आकडा बदलता येतो. पांढरा त्रिकोण डावीकडे ओढला की तेच काम उजळ बाजूने होतं.

आता एक गोष्ट मनात पक्की धरायची, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ब्लेंड इफला धूर, आग, माणूस, आकाश यांतलं काहीच कळत नाही. त्याला फक्त आकडा कळतो. संकासुराचा वेश काळा. त्याचा फोटो काळ्या पडद्यापुढे काढलेला असेल आणि तुम्ही पडदा ब्लेंड इफने गाळायला गेलात, तर पडद्याबरोबर संकासुरही जाईल. जे ठेवायचं आणि जे घालवायचं त्यांच्या आकड्यांत अंतर असेल तरच हे साधन चालतं. त्यामुळे खरं काम त्रिकोण ओढण्याचं नाही. दोघांमधलं अंतर कुठे जास्त आहे ते शोधण्याचं आहे.

पुन्हा पोस्टरकडे येऊ. धुराच्या लेयरच्या डोळ्याच्या खुणेवर Alt दाबून क्लिक करा, म्हणजे बाकीचे लेयर बंद होऊन तो एकटाच दिसेल. F8 दाबून Info पॅनल उघडा, आयड्रॉपर घ्या आणि धुरापासून लांब, कोपऱ्यातल्या काळ्यावर फिरवा. डोळ्यांना कुळकुळीत काळं दिसतं, पण आकडे ९, ११, १४ असे नाचत असतात. आयड्रॉपरचा Sample Size या वेळी Point Sample ठेवा. ५ बाय ५ ची सरासरी घेतलीत तर सुरेख १२ वाचाल आणि अधूनमधून डोकं वर काढणारे १६ तुम्हाला दिसणारच नाहीत. मग तोच आयड्रॉपर धुराच्या जवळच्या काळ्यावर न्या. तिथे आकडा बहुतेक आणखी वर असतो, कारण फोटो काढताना दिव्याचा उजेड पडद्यावर थोडा सांडलेला असतो.

हे १२ इतकं त्रास का देतं? स्क्रीन मोडचं गणित असं आहे की दोन्ही लेयरांचा काळेपणा एकमेकांशी गुणला जातो. वरचा पिक्सेल अगदी ० असेल तरच खालचा जसाच्या तसा राहतो. वर १२ आणि खाली संकासुराच्या वेशातला २० असेल, तर निकाल ३१ येतो. वीसचे एकतीस, म्हणजे दीडपट. काळा वेश राखाडी पडतो आणि जिथे धुराचा फोटो संपतो तिथे ३१ वरून परत २०. तीच ती कड. आता खाली दिवसाचं आकाश असेल, २०० चं, तर त्याच बाराने २०३ होतात आणि कोणालाही काही कळत नाही. म्हणून हा चौकोन नेमका रात्रीच्या, काळ्या पोस्टरवरच पकडला जातो, आणि दशावताराचं पोस्टर असतंच तसं.

इलाज: मोड Screen च ठेवा आणि त्याच लेयरच्या This Layer चा काळा त्रिकोण १८ वर न्या. सर्वांत वरचा नाचरा आकडा १६ होता, त्याच्या किंचित वर. चौकोन गेला, पण आता धुराची कड कात्रीने कापल्यासारखी दिसते. सतराचा पिक्सेल गायब, एकोणिसाचा पूर्ण हजर. इथेच बहुतेक जण Cancel दाबतात.

Alt दाबून त्या काळ्या त्रिकोणाच्या उजव्या अर्ध्यावर क्लिक करून ओढा. मॅकवर असाल तर Option. त्रिकोण दुभंगतो आणि पट्टीखाली दोन आकडे दिसतात, समजा 18 / 60. अर्थ असा की १८ च्या खालचं काहीच दिसणार नाही, ६० च्या वरचं पूर्ण दिसेल, आणि मधलं हळूहळू उमटत जाईल. अखंड त्रिकोण म्हणजे बंदराचा धक्का, जिथे पाणी आणि जमीन एका रेषेवर तुटतात. दुभंगलेला म्हणजे पुळण, उतरत उतरत पाण्यात जाणारी. दोन अर्ध्यांमधलं अंतर जितकं जास्त तितका उतार सौम्य.

पण त्या सौम्यतेची किंमत धुराच्या पातळ सुतांना मोजावी लागते. तीस आकड्याचं एखादं सूत 18 / 60 वर जेमतेम तीस टक्के उरतं. ते पोस्टरवर हवं असेल तर उजवा अर्धा चाळीसपर्यंत मागे आणा. मी साधारणपणे धुराच्या सर्वांत पातळ, पण हव्याशा वाटणाऱ्या भागाचा आकडा आधी वाचतो आणि उजवा अर्धा त्याच्या थोडा वर ठेवतो. तयार आकडे पाठ करून उपयोग नाही, प्रत्येक फोटोचं काळं वेगळं असतं.

चौकोन खरंच गेला की नुसता तुमच्या स्क्रीनवर दिसेनासा झाला, हे तपासायची युक्ती सोपी आहे. सगळ्यात वर Levels चा ॲडजस्टमेंट लेयर टाका आणि त्यातला पांढरा इनपुट २५५ वरून ५० वर आणा. पोस्टर भयानक उजळेल, ते तसंच हवं आहे. काळ्यात दडलेलं सगळं उघडं पडतं: चौकोनाची कड, राहिलेले डाग, कोणीतरी आधी अर्धवट मारलेलं इरेजर. बघून झालं की हा लेयर काढून टाका. तो चुकून राहिला तर छापखान्यातून फोन येईल.

याच तपासणीत आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती फ्लेक्सच्या मापावर फार वाईट दिसते. जेपेग फाइल चित्राला ८ बाय ८ पिक्सेलच्या ठोकळ्यांत तोडून दाबते. काळ्या भागातले बारीक फरक या दाबात पुसले जातात, म्हणून तिथे हे ठोकळे ठळक होतात. आता हिशेब करा. ८ फूट रुंद फ्लेक्स, ७२ चं रिझोल्यूशन, म्हणजे रुंदी ६९१२ पिक्सेल. उतरवलेला धूर १९२० चा. तो पूर्ण रुंदीला ताणला की ३.६ पट मोठा होतो आणि आठाचा ठोकळा जवळजवळ २९ पिक्सेलचा, म्हणजे फ्लेक्सवर एक सेंटिमीटरचा चौकोन. धुराच्या कडेला अशा चौकोनांची जिना-पायरी दिसू लागली तर समजायचं की डावा अर्धा ठोकळ्यांच्या मधोमध कापतोय: काही ठोकळे १७ चे म्हणून गेले, शेजारचे १९ चे म्हणून राहिले. डावा अर्धा आणखी दोन-चार आकडे वर न्या, उतार लांबवा, आणि धुराला एक-दोन पिक्सेलचा गॉशियन ब्लर द्या. धुराला ब्लर चालतो, त्याला मुळातच धार नसते. ज्वाळांना मात्र देऊ नका, त्यांची धार हीच त्यांची शान.

ज्वाळांचा विषय निघालाच आहे, तर तिथे वेगळीच गोची आहे. धुराला लावलेली 18 / 60 ची पट्टी आगीला लावली, आणि आगीचा काळा पडदा थोडा तपकिरी होता म्हणून ती 30 / 90 करावी लागली, की ज्वाळांच्या लालभडक कडा मरतात. उरतो तो पिवळा गाभा, मेणबत्तीसारखा. काळं तर नीट गेलं, मग लाल का गेलं?

कारण Blend If समोरच्या यादीत मुळात Gray निवडलेलं असतं, आणि हा ग्रे तीन रंगांची साधी सरासरी नाही. डोळ्याला जो रंग जितका उजळ वाटतो तितका त्याला वाटा मिळतो: लालाला साधारण ३० टक्के, हिरव्याला ५९, निळ्याला ११. ज्वाळेच्या कडेचा एक पिक्सेल घ्या, लाल १३०, हिरवा २५, निळा ५. डोळ्यांना तो चांगला धगधगीत लाल दिसतो. ग्रेच्या हिशेबाने मात्र लालाचे ३९, हिरव्याचे १५, निळ्याचा जेमतेम एक, म्हणजे सगळे मिळून ५४ ते ५५. 30 / 90 च्या उतारावर तो चाळीस टक्क्यांच्या आसपास उरतो. आता यादीतून Red निवडा आणि ग्रेच्या पट्ट्या मूळ जागी, 0 आणि 255 वर ठेवून तीच 30 / 90 लालाला लावा. पिक्सेलचा लाल १३०, नव्वदच्या कितीतरी वर, म्हणून तो पूर्ण दिसतो. पडद्याचा लाल ४० असेल तर 45 / 100 करा. ग्रेमध्ये पडदा आणि ज्वाळेची कड यांच्यात वीस-पंचवीस आकड्यांचं अंतर होतं, लालात ते नव्वदचं झालं.

एक सावधगिरी. ग्रे, लाल, हिरवा, निळा या चारही याद्यांच्या पट्ट्या एकाच वेळी लागू असतात. यादी बदलली की आधीच्या पट्ट्या नजरेआड होतात, पण त्यांचं काम चालूच राहतं. लालात सगळं बरोबर करूनही कडा मेलेल्याच दिसत असतील, तर ग्रेमध्ये जुनी पट्टी विसरलेली असते.

आगीला मोड Screen च योग्य, कारण आग स्वतः उजेड आहे. मागच्या चित्रात उजेड मिसळला की ते उजळणार, गडद होणार नाही. धूर मात्र उजेड नाही. धूर मागचं झाकतो. रात्रीच्या पोस्टरवर हा फरक लपतो, पण दिवसाच्या फोटोत तो लगेच उघडा पडतो.

समजा, एका खानावळीचा बोर्ड आहे, ‘चुलीवरचं जेवण’. फोटो दुपारचा, मागे चुन्याने रंगवलेली भिंत, आकडा २१० च्या घरात. चूल आहे, पण फोटो काढला तेव्हा पेटलेली नव्हती. तिच्यावर धूर हवा. काळ्यावरचा धूर Screen ने टाकलात तर १२० चा राखाडी धूर भिंतीवर २३१ होतो. भिंत आणि धूर यांत फरक राहत नाही, चुन्यावर चुना. मग मोड Normal करून काळं ब्लेंड इफने गाळायचा मोह होतो. समजा 20 / 120 लावलं. धुराचा दाट गाभा, आकडा २००, पूर्ण दिसतो, तिथे २००. पातळ कड, आकडा ६०, चाळीस टक्के दिसते. तिचा स्वतःचा काळेपणा चाळीस टक्के आणि भिंतीचे साठ टक्के मिळून निकाल येतो १५०. म्हणजे धुराची कड त्याच्या गाभ्यापेक्षा काळी. धुराला काजळाची किनार लागते. कितीही पट्ट्या ओढा, ही किनार कमी-जास्त होईल पण जाणार नाही, कारण काळ्या पडद्याचा काळेपणा त्या कडेच्या पिक्सेलमध्येच मिसळलेला आहे. ब्लेंड इफ पिक्सेल झाकतो किंवा दाखवतो, त्याचा रंग बदलत नाही.

इथे ब्लेंड इफ शेवट म्हणून नको, सुरुवात म्हणून वापरायचं. धुराचा लेयर आधी काळा-पांढरा करा, मोड Normal. This Layer चा काळा त्रिकोण दुभंगून डावा अर्धा १८ वर आणि उजवा अर्धा पार टोकाला, २५५ वर. आता धूर जितका उजळ तितका दिसतो, अर्धवट उजळ तिथे अर्धवट. या लेयरच्या लगेच खाली एक कोरा लेयर घ्या, दोन्ही निवडा आणि Ctrl+E दाबून एक करा. झाकलेलं होतं ते आता खरोखर पारदर्शक झालं. लेयरच्या छोट्या चित्रातही काळ्याऐवजी पारदर्शकतेचे चौकटीचौकटीचे खाने दिसतील, हीच खूण. मग फोरग्राउंडला धुराचा रंग घ्या आणि Shift+Alt+Backspace दाबा. पारदर्शकता जशी आहे तशी राहते आणि सगळ्या पिक्सेलना एकच रंग बसतो. काळा पडदा त्यांच्यातून पूर्ण गेला.

रंग कोणता? लाकडाचा धूर गडद पार्श्वभूमीपुढे निळसर दिसतो आणि उजेडापुढे, म्हणजे मागून प्रकाश येत असेल तेव्हा, पिवळट-तपकिरी. पहाटे माडांच्या गडद झावळ्यांपुढून वर जाणारा चुलीचा धूर निळा दिसतो आणि तोच आभाळापुढे गेला की मळकट होतो, हे कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको. आपल्यामागे उजळ भिंत आहे, म्हणून जरा उबदार राखाडी घेऊ, लाल १५०, हिरवा १४५, निळा १३८. आता हिशेब बघा. कडेचा पिक्सेल, पूर्वीचा ६०, अठरा टक्क्यांच्या आसपास दिसतो, भिंतीवर निकाल १९८. गाभ्याचा, पूर्वीचा २००, सत्त्याहत्तर टक्के, निकाल १६०. भिंत २१०, कड १९८, गाभा १६०. धूर दाट होत जातो तशी भिंत झाकली जाते, जसं व्हायला हवं तसं.

पांढऱ्यावरच्या चित्रांना, म्हणजे पाण्यात सोडलेल्या शाईच्या ढगांना किंवा पांढऱ्या कागदापुढच्या काळ्या धुराला, हेच सगळं उलट्या बाजूने लावायचं. मोड Screen ऐवजी Multiply आणि This Layer चा पांढरा त्रिकोण. कागद २४८ चा असेल तर Multiply मध्ये २०० च्या आकाशाचे १९४ ते १९५ होतात आणि मळका चौकोन दिसतो. पांढरा त्रिकोण दुभंगून 200 / 244 केला की तो जातो. मोड Normal ठेवल्यामुळे किनार पांढरी उरली तर वरचीच कोऱ्या लेयरची युक्ती.

ढगांमध्ये मात्र काळं-पांढरं असा सरळ मामला नसतो, आणि म्हणून मला ते सगळ्यांत मजेदार वाटतात. मालवण किनाऱ्याचा एप्रिलमधला फोटो घ्या. उजेड भरपूर, समुद्र छान, आणि आकाश फिकट, धुरकट, रिकामं. पर्यटनाच्या फलकाला ढग हवे आहेत. ऑक्टोबरमधला एक ढगांचा फोटो आहे: गडद निळं आकाश आणि कापसासारखे ढग, पोटाशी राखाडी. निळं घालवून ढग ठेवायचे.

पहिला विचार येतो की निळं घालवायचं आहे तर यादीत Blue घेऊ. आकडे वाचा. आकाश: लाल ७०, हिरवा १३०, निळा २०५. ढगाचा पांढरा माथा: २३५, २३८, २४२. ढगाचं राखाडी पोट: १४०, १४८, १६०. निळ्याच्या यादीत आकाश २०५, ढगाचा माथा २४२ आणि पोट १६०. आकाश नेमकं ढगाच्या दोन भागांच्या मध्ये. काळा त्रिकोण ओढून आकाश घालवायला गेलात तर त्याच्या आधी ढगाचं पोट जाईल. ग्रेमध्ये बघा: आकाश १२० च्या आसपास, पोट १४७. दिशा बरोबर, पण अंतर फक्त सत्तावीसचं. लालात बघा: आकाश ७०, पोट १४०, माथा २३५. अंतर सत्तरचं. आकाश निळं दिसतं म्हणजेच त्यात लाल कमी असतो. ढगात तिन्ही रंग जवळजवळ सारखे, म्हणून त्यात लाल भरपूर. निळं आकाश गाळायचं तर लालाच्या यादीत जायचं. This Layer चा काळा त्रिकोण, Red, 80 / 135. निळं जातं, पोटासकट ढग राहतो.

याच कारणाने ढगांचा फोटो आधी काळा-पांढरा करायचा नाही. केला की लाल आणि निळा एकसारखे होतात आणि सत्तरचं अंतर आपल्या हाताने सत्तावीसवर येतं. विरळ कडांना निळी झाक राहिली असेल आणि तुमचं आकाश संध्याकाळचं असेल, तर ती झाक खटकते. पण ती नंतर काढायची, कोऱ्या लेयरशी एक करून घेतल्यावर, Hue/Saturation ने. आणि पावसाळ्यातलं आभाळ, जिथे निळं नावालाही नाही, सगळं राखाडीवर राखाडी, तिथे लालातही अंतर सापडणार नाही. आंबोलीच्या ढगांचा जुलैमधला फोटो कितीही सुंदर असला तरी तो या कामाला निकामी आहे.

ढग तर सुटले, पण ते आता किनाऱ्यावरच्या माडांवरून पसरलेत. झावळीच्या पातीपातीतून मास्क काढणं म्हणजे दिवस जातो. इथे खालची पट्टी, Underlying Layer, कामाला येते. ती विचारते: माझ्याखाली जे आहे ते किती उजळ आहे? मालवणच्या फोटोतलं फिकट आकाश निळ्यात २२५ च्या घरात आहे आणि झावळी जेमतेम २५. यादीत Blue घ्या, Underlying Layer चा काळा त्रिकोण दुभंगून 90 / 170 करा. खाली निळा आकडा नव्वदच्या आत असेल तिथे ढग दिसणार नाही, म्हणून तो आपोआप झावळ्यांच्या मागे जातो, पातींच्या फटींतून पुन्हा दिसतो. This Layer लालात आणि Underlying निळ्यात, दोन्ही एकाच लेयरवर सुखाने नांदतात. जांभ्याच्या भिंतीलाही हे छान चालतं, कारण तांबड्या दगडात निळा कमीच.

चालत नाही ते पाण्याला. समुद्राचा निळा आकडा १५० च्या पुढे सहज जातो, लाटेचा फेस तर २४० चा, आणि पांढरी रंगवलेली होडी आकाशाइतकीच उजळ. ढग तिथे खुशाल उतरतात. ऊन पडलेल्या झावळीची चकचकीत पाठसुद्धा आकाश परावर्तित करते, तिथे ढगाचे ठिपके उमटतात. आता पट्ट्या ओढत बसू नका. क्षितिजाच्या रेषेवर लेयर मास्क घाला, होडी आणि चकाकत्या पाती मऊ ब्रशने मास्कमध्ये काळ्या करा. दहा मिनिटांचं काम आहे. आणि लक्षात ठेवा, Underlying ची पट्टी खालच्या फोटोवर अवलंबून असते, म्हणून कोऱ्या लेयरशी एक करायची युक्ती तिला लागू नाही. खालचा फोटो बदलला किंवा त्याचा उजेड वाढवला, तर झावळ्यांच्या कडा पुन्हा तपासायच्या.

लेयरवर या पट्ट्या लावल्या की त्याच्या उजव्या बाजूला दोन एकावर एक चौकोनांची बारीक खूण दिसते. दुसऱ्याने बनवलेल्या फाइलमध्ये एखादा लेयर विनाकारण अर्धवट दिसत असेल तर आधी ती खूण शोधा. सर्वांत खालच्या कुलूप लावलेल्या Background लेयरवर मात्र या पट्ट्या चालत नाहीत. त्यावर डबल क्लिक करून त्याचा साधा लेयर करावा लागतो. फोटोशॉप नसेल तर ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फोटोपीमध्येही ब्लेंड इफ आहे.

छापखान्याला फाइल देताना शेवटची गफलत होते. काही ठिकाणी CMYK मागतात. पट्ट्या उघड्या ठेवून मोड बदललात तर यादीतले लाल, हिरवा, निळा जातात आणि त्यांच्या जागी सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक येतात. तुमचा लालातला 80 / 135 ज्या आकड्यांवर बेतलेला होता ते आकडेच उरत नाहीत आणि ढग, ज्वाळा वेगळ्याच दिसू लागतात. फोटोशॉप मोड बदलण्याआधी लेयर एकत्र करायचे का ते विचारतो. मूळ फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा आणि छापायच्या प्रतीत तिथे हो म्हणा.